मानगुटीवर रेघ की उतार? महिन्यातून एकदाच केस कापणाऱ्यांसाठी

केस कापून झाले की कारागीर मागे आरसा धरतो आणि विचारतो, "मागे ठीक आहे ना?" आपण मान हलवतो. त्या क्षणी मानगूट कशीही कापलेली असली तरी छानच दिसते, कारण कापून पाच मिनिटंही झालेली नसतात. ती बाराव्या दिवशी कशी दिसेल, विसाव्या दिवशी कशी दिसेल, हा खरा प्रश्न आहे आणि आरशात त्याचं उत्तर नसतं. मी बरीच वर्षं खुर्चीमागे उभा राहून हे काम करतो आहे. महिन्याने येणाऱ्या माणसाची मानगूट मी पुढच्या अठ्ठावीस दिवसांचा हिशेब मनात धरून कापतो. तो हिशेब एकदा तुम्हालाही कळला की काय मागायचं ते तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. मानेवर केस जिथे संपतात तिथे सरळ आडवी रेघ आखली, दोन्ही टोकांना कोपरे काढले आणि रेघेखालचं सगळं साफ केलं, तर त्याला ब्लॉक म्हणतात. काही जण 'चौकोनी' म्हणतात. तेच कोपरे गोल केले तर 'राउंड'. राउंडचा वेगळा विचार इथे करत नाही, कारण ती ब्लॉकचीच बहीण आहे, फक्त तिचे कोपरे आधी भरून येतात. दुसरा प्रकार टेपर, म्हणजे उतार. यात रेघ नसतेच. वरून खाली केस हळूहळू आखूड होत जातात आणि जिथे ते निसर्गतः संपतात तिथेच त्वचेत विरून जातात.

आता वाढीचं गणित. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. सोयीसाठी आपण आठवड्याला अडीच मिलिमीटर धरू. समजा मागचे केस ६ मिलिमीटरवर, म्हणजे मशीनच्या दोन नंबरच्या गार्डने कापले आणि खाली ब्लॉक मारून रेघेखालचे शून्य केले. सात दिवसांनी रेघेवर साडेआठ मिलिमीटर आणि रेघेखाली अडीच. चौदा दिवसांनी वर ११, खाली ५. अठ्ठावीस दिवसांनी वर १६, खाली १०.

उताराचं गणित असंच मांडू. तळाशी १ मिलिमीटर, मधे ३, वर ६. चौदा दिवसांनी तळाशी ६, मधे ८, वर ११. म्हणजे दोन आठवड्यांनी ब्लॉकमध्ये ५ आणि ११ आहेत, उतारात ६ आणि ११ आहेत. लांब्या जवळजवळ त्याच! मग एक मानगूट अस्वच्छ का दिसते आणि दुसरी का नाही? कारण ब्लॉकमध्ये ५ वरून ११ वर जायला एकच पायरी आहे, ती एका रेघेत संपते. उतारात तोच फरक दोन-तीन बोटांच्या उंचीवर पसरलेला असतो. डोळ्याला लांबी मोजता येत नाही, त्याला पायरी दिसते. म्हणून ब्लॉकची मानगूट साधारण सातव्या ते विसाव्या दिवसात सर्वात वाईट दिसते: रेघ अजून पुसलेली नसते आणि तिच्याखाली काळपट सावली उगवलेली असते. त्यानंतर उलट ती थोडी बरी दिसू लागते, कारण रेघच हरवते.

इथे लगेच "मग ब्लॉक वाईट, टेपर चांगलं" असा निकाल देऊ नका. सावली पडायला रेघेखाली खरे केस असावे लागतात. ज्याची नैसर्गिक कड सरळ आहे आणि ब्लॉकची रेघ बरोबर त्याच कडेवर बसली आहे, त्याच्या रेघेखाली उगवायला फारसं काही नसतंच, थोडी लव असते एवढंच. असा माणूस ब्लॉक ठेवून महिना काढू शकतो. ज्याची रेघ कडेपेक्षा दोन सेंटीमीटर वर मारली आहे, त्याच्या मानेवर दोन सेंटीमीटर रुंदीचा दाट केसांचा पट्टा दर महिन्याला उगवणार. म्हणून ठरवायचं ते एवढंच: तुमच्या मानेवर रेघेखाली किती दाट केस राहतील?

पहिली पायरी: कापण्याच्या आदल्या दिवशी मान पाहा

नैसर्गिक कड पाहायला सर्वात चुकीची वेळ म्हणजे केस कापल्यानंतरची. तेव्हा ती गेलेली असते. महिना भरत आला की, सलूनमध्ये जाण्याच्या आदल्या दिवशी, कोरड्या केसांवर मागून फोटो काढून घ्या. दुसऱ्या कोणाला काढायला सांगा. मान सरळ असावी, समोर पाहत उभं राहावं, खांदे सैल सोडावेत. उजेड बाजूने यावा, म्हणजे केसांचा कल दिसतो. ओल्या केसांवर हे करू नका, ओले केस चिकटून बसतात आणि सगळ्या गोष्टी लपवतात.

फोटोत तीन गोष्टी पाहायच्या. दाट केस कुठे संपतात आणि विरळ लव कुठे सुरू होते, ही पहिली. पुष्कळांची लव मानेवर बरीच खाली उतरलेली असते, ती कड नव्हे. बोटाने खालून वर चाचपडत गेलात तर जिथे एकदम केस दाटपणे लागतात ती कड. दुसरी गोष्ट, डावी आणि उजवी बाजू एका उंचीवर आहेत का. बहुतेकांच्या नसतात, थोडाफार फरक असतोच. तिसरी, केस कोणत्या दिशेने वाढतात. मानगुटीवर केस खाली वाढतात असं आपण गृहीत धरतो, पण कित्येकांचे एका बाजूने मध्याकडे, किंवा चक्क वरच्या दिशेने वाढतात. तिथे छोटा भोवरा असतो. माझ्या अनुभवात तक्रारींचं सर्वात मोठं कारण हा भोवराच असतो, आणि ग्राहकाला तो असल्याचं माहीतही नसतं.

दुसरी पायरी: निवड

कड जवळपास सरळ, दोन्ही बाजू सारख्या, भोवरा नाही: ब्लॉक चालेल. मान बारीक आणि लांब असेल तर ब्लॉक फायद्याचाही ठरतो, कारण आडवी रेघ आणि रुंद कोपरे मानेला भरीव दाखवतात. मान आखूड किंवा जाड असेल तर तीच रेघ ती आणखी रुंद दाखवते. तिथे उतार घ्या, नजर वरून खाली घसरते आणि मान लांब वाटते.

कड वाकडी असेल, एका बाजूला खाली उतरलेली असेल, भोवरा असेल, तर महिन्याने येणाऱ्याने उतारच घ्यावा. वाकड्या कडेवर सरळ रेघ मारायची म्हटलं की कारागिराला उंच बाजूपर्यंत वर जावं लागतं आणि खालच्या बाजूचे दाट केस रेघेखाली जातात. तीच सावली.

एक अट दोन्हीकडे लागू आहे. दाढी किंवा मान वस्तऱ्याने साफ केल्यावर तुम्हाला पुटकुळ्या येत असतील, किंवा केस कुरळे असून कापलेले टोक परत त्वचेत शिरत असतील, तर मानगुटीवर वस्तरा लावू देऊ नका. मशीनच्या उघड्या पात्यापर्यंत थांबा. मानगुटीवर टणक गाठींसारख्या पुटकुळ्या वारंवार येत असतील, तिथे केस विरळ होऊ लागले असतील, तर ते प्रकरण सलूनचं नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तोवर जवळून साफ करणं थांबवा, त्याने ते वाढतं.

तिसरी पायरी: खुर्चीत बसून काय सांगायचं

'मागे बारीक करा' हे वाक्य सोडून द्या. त्याचे चार कारागीर चार अर्थ काढतात. उतार हवा असेल तर असं सांगा: "मागे रेघ मारू नका. वर दोन नंबर, खाली कमी करत करत केस आहेत तिथेच संपू द्या. फक्त खालची लव काढा." ब्लॉक हवा असेल तर: "रेघ माझ्या कडेवरच मारा, वर चढवू नका. कोपरे ठेवा." आणि आदल्या दिवशीचा फोटो दाखवा. फोटो पाहून चांगला कारागीर स्वतःच दोन गोष्टी सांगेल, त्या ऐका.

आणखी एक विनंती जरूर करा. मान कापताना आपल्याला हनुवटी छातीला टेकवायला सांगतात. तेव्हा मानेची त्वचा ताणली जाते. त्या स्थितीत मारलेली सरळ रेघ मान सरळ केल्यावर वाकलेली किंवा एका बाजूला उतरलेली दिसू शकते. म्हणून रेघ पक्की करण्याआधी "एकदा मान सरळ करून बघूया" असं म्हणा. कारागिराला याचा राग येत नाही; मला तर बरंच वाटतं.

एक उदाहरण

माझ्याकडे चाळिशीतले एक गृहस्थ येऊ लागले. कॉलरचा शर्ट रोज, दर चार आठवड्यांनी केस, लांब आणि बारीक मान. आधी दुसरीकडे कापत होते आणि तक्रार अशी की, "दहा दिवसांत मागून मी न कापल्यासारखा दिसतो." ते आले तेव्हा महिना भरला होता, त्यामुळे सगळं दिसत होतं. उजवीकडची कड नेहमीसारखी होती. डावीकडे ती जवळजवळ दीड सेंटीमीटर खाली उतरलेली होती आणि तिथे एक भोवरा होता, केस वर आणि मध्याकडे वळत होते. आधीच्या रेघेची खूण वरच्या थरात अजून ओळखू येत होती: ती उजव्या कडेच्याही थोडी वर होती. म्हणजे डावीकडे दोन सेंटीमीटर दाट केस दर महिन्याला रेघेखाली साफ होत होते. मान बारीक म्हणून ब्लॉक, हा विचार चूक नव्हता, पण अशा कडेवर त्याचा टिकाव नव्हता.

ते म्हणाले, "रेघ नसली तर मागून अर्धवट कापल्यासारखं नाही का दिसणार?" मी म्हटलं, "खाली आपण एक मिलिमीटरपर्यंत जाऊ, म्हणजे पहिल्या दिवशीही स्वच्छ दिसेल. आणि पंधराव्या दिवशी मला फोटो पाठवा."

महिना भरलेला असणं इथे उपयोगी पडलं. पूर्वी साफ केलेला पट्टा आता १० मिलिमीटर झाला होता, त्यामुळे उतारासाठी खालपर्यंत पुरेसे केस होते. हेच दहाव्या दिवशी आले असते तर तो पट्टा साडेतीन मिलिमीटर असता आणि रेघेची पायरी पूर्ण मोडता आली नसती. ब्लॉकवरून उतारावर जायचं असेल तर म्हणूनच पूर्ण महिना थांबा, मधे कड साफ करू नका.

काम असं केलं. कवटीच्या मागचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या खालपर्यंत सगळं ६ मिलिमीटरने घेतलं. मग कडेपासून वर साधारण तीन बोटं उतारासाठी धरली. त्याहून उंच गेलो नाही, कारण उंच उतारात वरच्या जाड थराखालची जागा महिन्यात भरून येते आणि डोकं मागून फुगीर दिसतं. त्या तीन बोटांत आधी साडेचार मिलिमीटर, मग खालच्या दोन बोटांत ३, शेवटच्या बोटभर जागेत दीड, आणि अगदी तळाशी उघड्या पात्याने १ मिलिमीटर. प्रत्येक टप्प्याच्या वरच्या टोकाला मनगट बाहेर वळवून मशीन केसांतून अलगद सोडायचं, आत दाबत थांबायचं नाही. थांबलं की तिथे आडवा काळा पट्टा उरतो. मग दोन टप्प्यांमधली जागा कंगव्यावर मशीन धरून पुसून घेतली.

भोवऱ्यावर वेळ गेला. एकाच दिशेने मशीन फिरवलं तर भोवऱ्याचे निम्मे केस पडून राहतात आणि तिथे डाग दिसतो. म्हणून तिथे खालून वर, डावीकडून उजवीकडे आणि तिरकं, अशा तीन दिशांनी गेलो. भोवऱ्याला दोनच गोष्टी मानवतात: इतका आखूड की उभं राहताच येऊ नये, किंवा तीन-चार सेंटीमीटर इतका लांब की स्वतःच्या वजनाने बसावा. मधल्या लांबीत तो उभा राहतो. त्यांना लांब नको होते, म्हणून आखूड केला. हेही सांगून ठेवलं की तिसऱ्या आठवड्यात तो आठेक मिलिमीटर होईल आणि थोडा उठेल. उताराने रेघेचा प्रश्न सुटतो, भोवऱ्याचा पूर्ण सुटत नाही.

शेवटी मान सरळ करायला लावून खालची लव उघड्या पात्याने वरून खाली, केसांच्या दिशेने काढली. वस्तरा लावला नाही. पंधराव्या दिवसाच्या फोटोत डाव्या बाजूचा काळपट पट्टा नव्हता. भोवऱ्याजवळ हलका गडदपणा होता. त्यावर पुढच्या वेळी तिथला उतार बोटभर वर नेला.

घरी काय करावं, काय करू नये

उतार घेतला असेल तर महिन्यात एकदाच, साधारण पंधराव्या दिवशी, फक्त मानेवरची लव काढायची. गार्डशिवाय ट्रिमर, वरून खाली, कडेच्या खाली एक बोट सोडून. उतार स्वतः पुन्हा कोरायला जाऊ नका. आरशात उलटं पाहत ते जमत नाही आणि चुकलं तर दुरुस्तीला वर जावं लागतं.

ब्लॉक असेल तर त्याला घरी दोनदा हात लागेल, दहाव्या आणि एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास. इथे सगळ्यांचा एकच घोटाळा होतो: रेघ दर वेळी एक-दोन मिलिमीटर वर सरकते. तीनदा असं झालं की अर्धा सेंटीमीटर गेला, आणि तितके दाट केस रेघेखाली आले. म्हणजे पुढचा महिना आधीपेक्षा वाईट. हे टाळायला ट्रिमर रेघेवर ठेवायचाच नाही. खालून सुरुवात करून रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. थोडी सावली राहिली तरी चालते, चढलेली रेघ मात्र महिनाभर खाली आणता येत नाही. एका आरशासमोर पाठ करून हातात दुसरा आरसा धरा; फोनचा पुढचा कॅमेरा डावं-उजवं उलटं दाखवतो, त्याने हात चुकतो.

रेघ चढली आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. दर महिन्याचा कापण्याआधीचा फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि कानाच्या पाळीच्या खालच्या टोकाशी रेघेची तुलना करा. पाळी हलत नाही. रेघ तिच्या जवळ येऊ लागली असेल तर ती वर जाते आहे. अशा वेळी पुढचा पूर्ण महिना खालचे केस वाढू द्या, आणि महिना भरल्यावर आलात की कारागिराला सांगा, "रेघ जुन्या जागी नको, कडेवर खाली आणा."

सलूनमधून निघण्यापूर्वी उताराची तपासणी करायला मागचा आरसा पुरत नाही, कारण तिथला उजेड समोरून येतो. मान थोडी डावी-उजवी वळवा, म्हणजे उजेड तिरका पडेल. कुठे आडवा गडद पट्टा दिसला तर तिथे दोन गार्डमधली पायरी राहिली आहे. तिथे बोट ठेवून दाखवा आणि "इथे जरा पुसा" म्हणा. दोन मिनिटांचं काम असतं. पण ते खुर्चीतच करून घ्या, कारण वरचे आणि खालचे केस सारखेच वाढतात आणि राहिलेली पायरी दुसऱ्या आठवड्यातही तशीच राहते.